आयजीएमपी स्नूपिंग चालू केलं की चार मिनिटांनी चित्र थांबतं, बंद केलं की सगळे पोर्ट भरतात

लक्षण नेहमी जवळपास सारखंच असतं. एका व्हीलॅनमध्ये व्हिडिओ एन्कोडर लावलेला असतो, काही सेट टॉप बॉक्स किंवा मॉनिटर त्याचे चॅनल बघत असतात, आणि त्याच स्विचवरचे प्रिंटर, फोन, वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट मात्र रखडायला लागतात. स्विचकडे पाहिलं तर वापरात असलेल्या सगळ्या पोर्टचे दिवे एकाच लयीत लुकलुकत असतात. कोणीतरी आयजीएमपी स्नूपिंग चालू करतं, नेटवर्क मोकळं होतं, पण चार-साडेचार मिनिटांनी चित्र गोठतं. चॅनल बदलून परत आलं की चित्र येतं, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने जातं. वैतागून स्नूपिंग बंद केलं जातं, चित्र टिकतं, आणि पोर्ट पुन्हा भरतात.

या फेऱ्यात अडकलेल्या बहुतेक नेटवर्कमध्ये स्विच नादुरुस्त नसतो आणि एन्कोडरही ठीक असतो. कोणाला कोणता चॅनल हवा हे ठराविक वेळाने विचारणारा क्वेरिअर नेटवर्कवर नसतो, एवढीच उणीव असते. ती ओळखायची कशी, भरायची कुठे आणि भरल्यावरही अधूनमधून पूर का येतो, ते एका उदाहरणावर पाहू.

उदाहरणातली मांडणी

स्विच ए आणि स्विच बी गिगाबिट अपलिंकने जोडलेले आहेत आणि सगळं व्हीलॅन २० मध्ये आहे. एन्कोडर ए वर आहे. त्याचा पत्ता `192.168.20.5`. तो १२ चॅनल पाठवतो, प्रत्येकी ८ एमबीपीएसचे, `239.10.1.1` ते `239.10.1.12` या ग्रुपवर. बॉक्स दोन्ही स्विचवर आहेत. या व्हीलॅनमध्ये मल्टिकास्ट राउटिंग करणारा राउटर नाही.

बारा चॅनलचे मिळून ९६ एमबीपीएस होतात. गिगाबिट पोर्टला हे जाणवतही नाही, पण १०० एमबीपीएसवर चालणाऱ्या प्रिंटरच्या किंवा फोनच्या पोर्टवर त्या उपकरणाच्या स्वतःच्या कामाला जागाच उरत नाही. पॅकेटच्या संख्येत पाहिलं तर ताण आणखी स्पष्ट दिसतो. व्हिडिओच्या एका यूडीपी पॅकेटमध्ये साधारणपणे १८८ बाइटचे सात तुकडे, म्हणजे १३१६ बाइट असतात. ८ एमबीपीएसच्या चॅनलला सेकंदाला सुमारे ७६० पॅकेट लागतात, बारा चॅनलना नऊ हजारांच्या वर. वायफायची गत त्याहून वाईट होते, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट मल्टिकास्ट सहसा सगळ्यात कमी वेगाच्या दराने हवेत सोडतो. तिथे बारा काय, दोन चॅनलही सगळी हवा खाऊन टाकतात.

स्विच सगळीकडे का पाठवतो

स्विच शिकतो ते पॅकेटच्या प्रेषक पत्त्यावरून. मल्टिकास्टचा पत्ता कधीच प्रेषक म्हणून येत नाही, त्यामुळे `239.10.1.3` साठी बनणारा मॅक पत्ता `01:00:5e:0a:01:03` कुठल्या पोर्टवर आहे हे स्विचला त्याच्या नेहमीच्या पद्धतीने कधीच कळू शकत नाही. पत्ता माहीत नसला की स्विच ते पॅकेट व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर टाकतो. म्हणजे स्नूपिंगशिवाय मल्टिकास्ट हे स्विचच्या दृष्टीने ब्रॉडकास्टच ठरतं.

स्नूपिंग चालू असलेला स्विच बॉक्स आणि राउटर यांच्यातला संवाद कान देऊन ऐकतो. बॉक्सवर चॅनल ३ लावला की बॉक्स आयजीएमपी रिपोर्ट पाठवतो: मला `239.10.1.3` हवा. स्विच तो रिपोर्ट ज्या पोर्टवर आला त्या पोर्टची त्या ग्रुपसमोर नोंद करतो आणि पुढे तो चॅनल तेवढ्याच पोर्टवर जातो. ही नोंद कायमची नसते, तिला मुदत असते. बॉक्सची वायर कोणी ओढली, वीज गेली, तर “आता नको” असा निरोप द्यायला तो शिल्लकच नसतो. म्हणून नोंद ठराविक वेळाने आपोआप पुसली जाते, आणि ती जिवंत ठेवायची तर बॉक्सने पुन्हा रिपोर्ट पाठवावा लागतो.

बॉक्स तो रिपोर्ट आपणहून पाठवत राहत नाही. चॅनल लावताना एक-दोनदा पाठवतो आणि मग गप्प बसतो. त्यानंतर कोणी विचारलं तरच उत्तर देतो. हे विचारणारा तो क्वेरिअर. तो दर १२५ सेकंदांनी `224.0.0.1` या पत्त्यावर सगळ्यांना विचारतो, कोणाला काय हवंय? आणि बॉक्स १० सेकंदांच्या आत उत्तर देतात. नोंदीची मुदत याच आकड्यांवरून ठरते: १२५ चे दुप्पट अधिक १०, म्हणजे २६० सेकंद. एखादी क्वेरी वाटेत हरवली तरी चित्र जाऊ नये म्हणून दुप्पट.

आता वरच्या लक्षणाकडे परत या. २६० सेकंद म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. क्वेरिअर नाही, म्हणून कोणी विचारलं नाही. विचारलं नाही, म्हणून बॉक्स बोलला नाही, आणि मुदत संपताच स्विचने नोंद पुसली. चॅनल बदलून परत आलं की बॉक्स नवा रिपोर्ट पाठवतो आणि पुढच्या चार मिनिटांची सोय होते. मुदत स्विचच्या सेटिंगप्रमाणे कमी-जास्त असू शकते, पण चित्र दरवेळी तेवढ्याच वेळाने थांबत असेल तर संशय आधी इथेच घ्यावा. वायर किंवा एन्कोडर बिघडला असेल तर तो घड्याळ लावून बिघडत नाही.

एकाच उणिवेची तीन रूपं

निदान चुकतं ते इथे. क्वेरिअर नसल्याचा परिणाम सगळ्या स्विचवर सारखा दिसत नाही. ज्या ग्रुपची एकही नोंद नाही त्या ग्रुपचं काय करायचं, यावर तो अवलंबून असतो. काही स्विच असे ग्रुप टाकून देतात. तिथे चार मिनिटांनी चित्र गोठतं. काही स्विच असे ग्रुप सगळीकडे पाठवतात. तिथे चित्र कधीच थांबत नाही, पण नोंद संपली की पूर परत येतो. अशा ठिकाणी तक्रार येते ती “स्नूपिंग चालू आहे तरी पोर्ट भरलेले दिसतात” अशी, आणि लोक स्विचचं फर्मवेअर बदलत बसतात.

तिसरं रूप दोन स्विच असले की दिसतं, आणि ते सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं. स्नूपिंग करणारा स्विच बॉक्सचा रिपोर्ट फक्त राउटर पोर्टवर पुढे पाठवतो, आणि राउटर पोर्ट म्हणजे जिथून क्वेरी येते तो पोर्ट. इतर बॉक्सना तो मुद्दाम देत नाही, कारण आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत एखाद्या बॉक्सने शेजाऱ्याचा रिपोर्ट ऐकला तर तो स्वतःचा पाठवत नाही, आणि मग त्याच्या पोर्टची नोंदच होत नाही. क्वेरीच नसेल तर बी ला राउटर पोर्ट कोणता हे कळत नाही, आणि बी वरच्या बॉक्सचा रिपोर्ट ए पर्यंत पोहोचतच नाही. ए ला वाटतं, बी कडे कोणाला काही नको.

नोंद नसलेले ग्रुप सगळीकडे पाठवणारा ए असेल, तर बी वरचा बॉक्स चॅनल ३ मजेत बघत असतो, तोही निव्वळ पुराच्या जोरावर. मग ए वरच्या बॉक्सवर कोणी चॅनल ३ लावतं. त्या क्षणी ए कडे या ग्रुपची पहिली नोंद होते आणि तो चॅनल फक्त त्या एका पोर्टवर जायला लागतो. बी वरचं चित्र तिथेच गोठतं. ए वरच्या माणसाने चॅनल बदलला की बी वर चित्र परत येतं. “तिकडे कोणी बघायला लागलं की इकडचं जातं” अशी तक्रार ऐकली तर ती मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका. ती अचूक आहे, आणि तिचं कारण अपलिंकवर न पोहोचलेल्या रिपोर्टमध्ये आहे.

क्वेरिअर आहे का, हे पाच मिनिटांत तपासा

व्हीलॅन २० च्या एका रिकाम्या पोर्टला लॅपटॉप लावा. त्यावर कुठलाही चॅनल उघडू नका.

```
timeout 260 tcpdump -ni eth0 igmp
```

निरोगी नेटवर्कवर या वेळात किमान दोन ओळी अशा दिसल्या पाहिजेत:

```
IP 192.168.20.2 > 224.0.0.1: igmp query v2
```

एकही दिसली नाही तर क्वेरिअर नाही, इथे निदान संपलं. दिसली तर डावीकडचा पत्ता नीट पाहा. तो तुमच्या ओळखीच्या उपकरणाचा आहे का? एका व्हीलॅनमध्ये अनेक क्वेरिअर असले तर सगळ्यात लहान पत्त्याचा जिंकतो. कोपऱ्यात लावलेला एखादा छोटा राउटर `192.168.20.1` घेऊन बसला असेल तर निवडणूक त्याने जिंकलेली असू शकते, आणि त्याचे परिणाम पुढे येतातच.

लॅपटॉपवर इतर बॉक्सचे रिपोर्ट दिसत नाहीत म्हणून घाबरू नका. स्नूपिंग नीट चालू असेल तर ते दिसायलाच नकोत. ते बघायचे असतील तर बॉक्सचा पोर्ट मिरर करावा लागतो.

दुसरी तपासणी पुराची:

```
tcpdump -ni eth0 'ip multicast and udp'
```

लॅपटॉपने काहीच मागितलेलं नसताना अशा ओळी धबधब्यासारख्या येत असतील तर पूर चालू आहे:

```
IP 192.168.20.5.5000 > 239.10.1.3.1234: UDP, length 1316
```

शेवटची १३१६ बाइटची लांबी ही व्हिडिओची खूण. `224.0.0.251` सारख्या पत्त्यांची तुरळक पॅकेट दिसली तर ती सोडून द्या. `224.0.0.x` हा पट्टा स्विचने सगळीकडे पाठवणं अपेक्षितच आहे, कारण राउटिंग प्रोटोकॉल आणि शोधसेवा त्यावर चालतात आणि त्यांचे रिपोर्ट येतीलच असं नसतं.

क्वेरिअर कुठे ठेवायचा

व्हीलॅनमध्ये मल्टिकास्ट राउटर असेल तर क्वेरिअरचं काम तोच करतो. नसेल तर बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्ये स्नूपिंग क्वेरिअर नावाची सोय असते. ती चालू करण्याआधी जागा ठरवा, कारण इथे एक महत्त्वाचा नियम आहे: स्नूपिंग करणारा स्विच सगळं मल्टिकास्ट राउटर पोर्टवरही पाठवतो, तिकडे कोणी मागितलेलं नसलं तरी. म्हणजे प्रत्येक स्विचवरून सगळे चॅनल क्वेरिअरच्या दिशेने वाहतात.

आपल्या उदाहरणात क्वेरिअर बी वर ठेवला तर बाराही चॅनल, म्हणजे ९६ एमबीपीएस, कोणी बघत असो वा नसो, अपलिंकवरून चोवीस तास वाहतील. गिगाबिट अपलिंकला एवढं झेपेल. हेच १०० चॅनल असते तर ८०० एमबीपीएस झाले असते आणि अपलिंक निकामी झाली असती. कोपऱ्यातल्या त्या छोट्या राउटरने निवडणूक जिंकली आणि तो १०० एमबीपीएसच्या पोर्टवर असेल, तर तो पोर्ट तुंबणारच. म्हणून क्वेरिअर एन्कोडर जिथे आहे त्या किंवा मधल्या मुख्य स्विचवर ठेवावा. इथे तो ए.

सिस्को आयओएसवर ए साठी एवढं पुरतं:

```
conf t
ip igmp snooping
ip igmp snooping querier
ip igmp snooping querier address 192.168.20.2
end
```

पत्ता स्वतः देणं टाळू नका. पत्ता नसला तर काही स्विच `0.0.0.0` वरून क्वेरी पाठवतात. अशी क्वेरी निवडणुकीत धरली जात नाही, आणि पलीकडचा स्विच तिच्यावरून राउटर पोर्ट शिकेलच याची खात्री नसते. मग क्वेरी दिसते, ए वरचं चित्र टिकतं आणि बी वरची तक्रार तशीच राहते. हीच अडचण लिनक्स ब्रिजवरही येते, म्हणून तिथे ब्रिजला आयपी पत्ता देऊन तो वापरायला सांगावं लागतं:

```
ip link set br0 type bridge mcast_snooping 1 mcast_querier 1
ip link set br0 type bridge mcast_query_use_ifaddr 1
bridge -d mdb show
```

लिनक्स ब्रिजचा एक स्वभाव लक्षात ठेवा. क्वेरिअर सापडला नाही तर तो स्नूपिंगचा भरवसा सोडून सगळीकडे पाठवायला लागतो. तिथे चित्र थांबत नाही, पूर मात्र येतो.

आवृत्ती दुसरी ठेवा की तिसरी? ठराविक स्रोताकडूनच ग्रुप मागणारी उपकरणं नसतील तर दुसरी पुरते. तिसऱ्या आवृत्तीचे रिपोर्ट ग्रुपच्या पत्त्यावर न जाता `224.0.0.22` वर जातात, आणि ते न समजणारे जुने, स्वस्त स्विच अजून वापरात आहेत. क्वेरिअर दुसऱ्या आवृत्तीत विचारत असला की बॉक्सही त्याच आवृत्तीत उत्तर देतात, त्यामुळे ही एकच जागा बदलून भागतं.

बदल केल्यावर खात्री

```
show ip igmp snooping querier
show ip igmp snooping mrouter
show ip igmp snooping groups
```

पहिल्या आज्ञेत दोन्ही स्विचवर `192.168.20.2` दिसला पाहिजे. दुसरी बी वर चालवा. तिथे अपलिंकचा पोर्ट राउटर पोर्ट म्हणून दिसला पाहिजे. तिसरीत ए वर `239.10.1.3` समोर ए वरच्या बॉक्सचा पोर्ट आणि, बी वर कोणी तो चॅनल बघत असेल तर, अपलिंकही दिसली पाहिजे. अपलिंक नसेल तर बी वरचे रिपोर्ट अजून येत नाहीत.

मग एका बॉक्सवर चॅनल लावून किमान दहा मिनिटं हात लावू नका. पाच मिनिटांत पाहून “झालं” म्हणणं धोक्याचं, कारण एखादी नोंद नुकतीच ताजी झालेली असते. दहा मिनिटांत मुदत दोनदा उलटते. शेवटी लॅपटॉपच्या पोर्टवरची बाहेर जाणारी वाहतूक पाहा: आधी ९६ एमबीपीएसच्या आसपास होती, ती जवळपास शून्यावर यायला हवी.

तरीही मधूनमधून पूर येत असेल

क्वेरिअर नीट चालू असताना दिवसातून अनेकदा, प्रत्येक वेळी काही मिनिटं पूर येत असेल तर स्पॅनिंग ट्री तपासा. नेटवर्कची रचना बदलल्याची सूचना आली की बॉक्स आता कोणत्या वाटेने जोडलेले आहेत याची स्विचला खात्री राहत नाही. चित्र तुटू नये म्हणून अनेक स्विच तेवढ्या काळापुरतं मल्टिकास्ट सगळीकडे पाठवतात. सिस्कोच्या स्विचवर हे मुळात दोन क्वेरी येईपर्यंत चालतं. क्वेरी १२५ सेकंदांनी येत असेल तर चार मिनिटांपर्यंत.

रचना बदलल्याची सूचना खऱ्या बदलाशिवायही निघते. संगणकाच्या पोर्टला एज पोर्ट म्हणून नेमलेलं नसेल तर तो संगणक नुसता चालू केला तरी स्विच ती रचनेतला बदल धरतो. सकाळी सगळे संगणक चालू होतात तेव्हाच चॅनल आणि वायफाय दोन्ही अडखळत असतील, तर कारण बहुधा हेच. बॉक्स, संगणक, प्रिंटर यांच्या प्रत्येक पोर्टवर `spanning-tree portfast` द्या. स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर मात्र देऊ नका.

फक्त काहीच चॅनल सतत पसरत असतील तर त्यांचे पत्ते बघा. आयपी पत्त्याच्या ३२ बिटांपैकी फक्त शेवटचे २३ मॅक पत्त्यात उतरतात, त्यामुळे ३२ वेगवेगळ्या ग्रुपचा मॅक पत्ता एकच होतो. `239.0.0.5` किंवा `239.128.0.5` निवडला तर मॅक पत्ता होतो `01:00:5e:00:00:05`, म्हणजे `224.0.0.5` चाच. तो पट्टा स्विच नेहमी सगळीकडे पाठवतो. मॅकवरून निर्णय घेणाऱ्या स्विचवर असा चॅनल कितीही क्वेरिअर लावले तरी पसरतच राहणार. उपाय एकच: एन्कोडरमध्ये ग्रुप बदला आणि `239.0.0.x`, `239.128.0.x` हे दोन्ही पट्टे टाळा.

आणि चॅनल भराभर बदलताना चित्राचे तुकडे होत असतील तर ती वेगळी बाब आहे. बॉक्सने चॅनल सोडल्याचा निरोप दिला की क्वेरिअर त्या ग्रुपबद्दल एक-एक सेकंदाच्या अंतराने दोनदा विचारून खात्री करतो, म्हणून जुना चॅनल दोनेक सेकंद येतच राहतो. ८ एमबीपीएसच्या चॅनलला याने फरक पडत नाही. २५ एमबीपीएसचे चॅनल तीनदा पटापट बदलले तर चार चॅनल एकत्र येऊन १०० एमबीपीएसचा पोर्ट भरतो. `ip igmp snooping vlan 20 immediate-leave` ने जुना चॅनल लगेच तुटतो, पण ती त्या व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टला लागू होते. त्या व्हीलॅनमध्ये एका पोर्टमागे एकच बॉक्स असेल तरच ती वापरा. एखाद्या पोर्टमागे छोटा साधा स्विच लावून दोन बॉक्स जोडले असतील आणि दोघं एकच चॅनल बघत असतील, तर एकाने चॅनल सोडताच दुसऱ्याचंही चित्र जाईल, आणि पुढची क्वेरी येईपर्यंत, म्हणजे दोन मिनिटांपर्यंत, ते परत येणार नाही.